वस्तादांनी आज जोड दिलीच नाही

तालमीतल्या त्या चुळबुळ्या पोराला वस्तादांनी आज कुस्तीला जोडीदार दिला नाही, हातात फावडं दिलं. "हौदा उकर." माती दबून घट्ट झाली की पाठीवर पडणाऱ्याला इजा होते. पोरानं वरवर उकरून "झालं" म्हटलं. वस्तादांनी खालची माती काढून दाखवली, ढेकळंच होती. पुन्हा उकर! शेवटी ताक-तेल मुरलेली माती मुठीत वळली आणि बोट लावताच भुसभुशीत सुटली.

मग वस्ताद स्वतः खडाखडीला उभे राहिले, दुखऱ्या गुडघ्यांनी. पोरगं पाय धरायला लगेच पटात घुसलं आणि मानेवर दाब येऊन तोंडघशी पडलं.

"माझा पुढचा पाय जड कधी होतो ते बघ, बाळा."

पुढच्या वेळी पोरगं थांबलं. वस्तादांचं वजन पुढच्या पायावर आलं, तेव्हाच त्यानं पट काढला. मला इतका आनंद झाला!