पंखावरच्या त्या पट्ट्या

“विमान खाली टेकलं रे टेकलं की पंखावरच्या पट्ट्या एकदम उभ्या राहतात, त्या कशासाठी? आणि पावसात पायलट विमान एवढं आपटून का उतरवतो?”

रामबागेतल्या आमच्या शेजारच्या काकू मुंबईहून लेकीकडून परत आल्या, की दर वेळी त्यांचा हाच प्रश्न असतो. विमानांच्या देखभालीत माझी नोकरी झाली, त्यामुळे इंदुरात लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणी ना कुणी मला हे विचारतंच. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

त्या पट्ट्यांना स्पॉयलर म्हणतात. पंखावरून हवा पृष्ठभागाला चिकटून सुरळीत वाहते, म्हणून पंख विमानाला उचलून धरतो. पट्टी उभी केली की वरची हवा तिथे पृष्ठभाग सोडते आणि मागे नुसते भोवरे उरतात. त्यामुळे दोन गोष्टी एकाच वेळी होतात: पंखाची उचल घटते आणि हवेचा विरोध वाढतो. आकाशात पायलटला मुख्यतः यातली दुसरी गोष्ट हवी असते. जमिनीवर मात्र पहिलीची किंमत फार मोठी आहे, आणि ती खिडकीतून दिसत नाही.

आकाशातलं आधी सांगतो. प्रवासी विमान हवेतून इतकं सहज घसरतं, की इंजिनं अगदी मंद केली तरी हजार फूट खाली यायला त्याला साधारण साडेपाच किलोमीटर लागतात. पस्तीस हजार फुटांवरून उतरायचं तर जवळजवळ १९० किलोमीटर आधी उतरण सुरू करावी लागते. मुंबई-इंदूर हवाई अंतर सुमारे ५०० किलोमीटर, म्हणजे वाटेचा मोठा हिस्सा उतरण्यातच जातो. खाली दुसरं विमान आहे म्हणून नियंत्रकाने थोडा वेळ वरच थांबवलं, तर पुढच्या कमी अंतरात तेवढीच उंची घालवावी लागते. नाक खाली केलं तर वेग वाढतो, वेग आवरला तर उंची सुटत नाही. अशा वेळी पायलट एक दांडा मागे ओढतो आणि काही पट्ट्या अर्धवट उठतात. याच कामाला स्पीड ब्रेक म्हणतात. भोवऱ्यांची ती हवा मागे जाते आणि विमान थरथरतं. काकूंना वाटतं काही तरी सुटलं. सुटलेलं काही नसतं, थरथर हा त्या कामाचाच भाग आहे.

आकाशात सगळ्या पट्ट्या वापरत नाहीत. बोइंग ७३७ च्या नव्या पिढीत एकेका पंखावर सहा असतात. त्यातल्या चार हवेत वापरता येतात, उरलेल्या दोन फक्त जमिनीवर उठतात. एअरबस ए३२० मध्ये पंखावर पाच असतात आणि स्पीड ब्रेकसाठी त्यातल्या मधल्या तीनच चालतात. वेग जास्त असेल तेव्हा हा उपाय चांगला लागू पडतो. वेग उतरला की त्याचा जोर पटकन कमी होतो, आणि मग पायलटला चाकं लवकर बाहेर काढणं जास्त उपयोगी पडतं.

आता जमिनीवर येऊ. तिथे बहुतेकांना वाटतं, की उभी पट्टी वारा अडवते आणि त्यानेच विमान थांबतं. वारा अडतो हे खरं, त्याचा उपयोगही होतो. पण विमान थांबवण्याचं मोठं काम चाकांचे ब्रेक करतात, आणि ब्रेक टायरच्या पकडीवर चालतो. पकड किती मिळेल हे टायरवर किती भार आहे यावर ठरतं. सायकलचं कॅरिअर मागून कुणी उचलून धरलं आणि तुम्ही मागचा ब्रेक दाबला, तर चाक थांबेल, सायकल पुढे जाईल. नुकतंच टेकलेलं विमान तसंच असतं. चाकं जमिनीला लागलेली असतात, पण वजन अजून पंखांनीच पेललेलं असतं. पट्ट्या उभ्या राहिल्या की पंख ते वजन सोडतो आणि ते चाकांवर येतं.

हे किती मोठं काम आहे, ते अमेरिकेतल्या लिटल रॉकच्या अपघाताने दाखवून दिलं. १ जून १९९९ च्या रात्री अमेरिकन एअरलाइन्सचं १४२० क्रमांकाचं एमडी-८२ विमान वादळी पावसात तिथे उतरलं. धावपट्टी सुमारे २,२०० मीटर आणि भिजलेली. या विमानात उतरण्याआधी स्पॉयलरचा दांडा तयार स्थितीत ठेवायचा असतो, म्हणजे चाकं टेकून फिरू लागली की पट्ट्या आपोआप उठतात. वादळाच्या घाईत ते राहून गेलं. टेकल्यावर पट्ट्या उठल्या नाहीत, हे कुणाच्या लक्षात आलं नाही आणि हातानेही कुणी दांडा ओढला नाही. विमान धावपट्टीच्या टोकाबाहेर गेलं आणि दिव्यांच्या सांगाड्यावर आदळून नदीकाठी थांबलं. आतल्या १४५ जणांपैकी ११ जण गेले, कॅप्टनही त्यात होते.

तपासात हिशोब निघाला, की पट्ट्या उठल्या असत्या तर विमानाचं सुमारे ६५ टक्के वजन चाकांवर आलं असतं. त्या नसल्यामुळे फक्त १५ टक्के आलं. आपण सोयीसाठी विमान ६० टनांचं धरू. पट्ट्या उभ्या असतील तर चाकांवर ३९ टन, नसतील तर ९ टन. ओल्या धावपट्टीवर टायरची पकड भाराच्या पाचव्या हिश्श्याइतकी मिळते असं मानलं, तर पहिल्या स्थितीत विमानाला मागे खेचणारा जोर ७.८ टनांचा आणि दुसऱ्या स्थितीत १.८ टनांचा. ब्रेक तेच, पायलटचा पाय तितकाच जोरात दाबलेला. तरी चार हिश्श्यांपैकी तीन हिश्श्यांहून जास्त जोर गेला, आणि तो नेला पंखाने.

कुणी म्हणेल, वेग कमी होईल तशी उचल आपोआप घटेलच ना? घटते, आणि झपाट्याने घटते. वेग निम्मा झाला की उचल चौथाई उरते. पण टेकताना विमान ताशी २५० किलोमीटरच्या आसपास असतं, म्हणजे सेकंदाला ७० मीटर. आपल्या इंदूरची धावपट्टी पावणेतीन किलोमीटरची आहे. तिथेही सुरुवातीची प्रत्येक सेकंद ७० मीटर घेऊन जाते. वेग आपसूक उतरायची वाट बघत बसलं, तर सर्वांत महागडी जमीन ब्रेक न लागताच संपते. म्हणून टेकल्या क्षणी दुसरा पायलट पट्ट्या उठल्या की नाही हे बघून मोठ्याने सांगतो. नसतील तर दांडा हाताने ओढायचा. ही हाक मला उतरण्यातली सगळ्यांत मोलाची वाटते. लिटल रॉकला ती उठली असती, तर चूक दोन सेकंदांत दुरुस्त झाली असती.

मग पट्ट्या नेहमीच आपोआप उठतील अशी सोय का करत नाहीत, तयार ठेवण्याची भानगड कशाला? कारण त्या हवेत भलत्या वेळी उठल्या तर विमान पडतं. ५ जुलै १९७० ला टोरांटोला एअर कॅनडाच्या डीसी-८ मध्ये धावपट्टीच्या साठेक फूट वर असताना पट्ट्या उघडल्या गेल्या. विमान जोरात आपटलं, पुन्हा वर गेलं आणि काही मिनिटांत कोसळलं. १०९ जण गेले. तेव्हा विमान खरंच जमिनीवर आहे, याचा पुरावा यंत्राने मागितलाच पाहिजे.

काकूंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या पुराव्यातच आहे. १४ सप्टेंबर १९९३ ला लुफ्थान्साचं ए३२० वॉर्साला पावसात उतरत होतं. बाजूचा वारा असेल म्हणून पायलटने वेग थोडा जास्त ठेवला आणि एक पंख किंचित खाली धरला. वारा प्रत्यक्षात मागून होता. उजवं चाक धावपट्टीच्या सुरुवातीपासून ७७० मीटरवर हलकेच टेकलं. डाव्या बाजूच्या चाकांच्या पायावर भार यायला आणखी नऊ सेकंद लागली आणि तोवर विमान १,५२५ मीटरवर पोचलं होतं. त्या विमानाच्या यंत्रणेला दोन्ही पायांवर ठरावीक भार तरी हवा होता, नाहीतर चाकं पुरेशा वेगाने फिरायला हवी होती. धावपट्टीवर पाण्याचा थर असल्याने चाकं नीट फिरेनात. म्हणून डावा पाय टेकेपर्यंत पट्ट्या उठल्या नाहीत. २,८०० मीटरची धावपट्टी अपुरी पडली आणि दोघांचा जीव गेला. पुढे ती भाराची अट बरीच खाली आणली गेली.

पावसात हलक्या हाताने उतरवलेलं विमान प्रवाशांना आवडतं, पण त्यात पायावर भार उशिरा येतो. ठामपणे टेकवलं की पाण्याचा थर फुटतो, चाकं लगेच फिरतात, दोन्ही पाय दबतात आणि पट्ट्या विनाविलंब उठतात. मी स्वतः पावसाळ्यात असा दणका बसला की निश्चिंत होतो, आणि शेजारचा प्रवासी पायलटला नावं ठेवू लागला तर त्याला हे सगळं सांगतो. अर्थात दणक्यालाही मर्यादा आहे. फार जोरात आपटलं तर विमान उसळतं आणि पुन्हा हवेत जातं, आणि पायांच्या सांध्यांची तपासणी आमच्या माणसांच्या माथी येते.

हँगरमध्ये पट्ट्यांची चाचणी घेताना हायड्रॉलिक दाब सोडण्याआधी पंखाजवळ कुणी नाही ना, हे आम्ही आवाज देऊन पक्कं करायचो. त्या ज्या झपाट्याने हलतात, त्यात हात सापडला तर वाचत नाही. तीच पट्टी खिडकीतून नीट बघायची असेल तर पंखाच्या जरा मागची जागा घ्या. उतरणीत काही पट्ट्या अर्धवट उठतील, वळणात एकाच बाजूच्या किंचित हलतील, टेकल्यावर सगळ्या पूर्ण उभ्या राहतील. टेकल्यानंतर पायलटने बेत बदलून पुन्हा इंजिनांना जोर दिला, तर त्या आपण होऊन मिटतात.

बिजासनच्या टेकडीवर नातवंडांना विमानं दाखवायला नेणाऱ्या एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, की पुढे फिरते पंखे असलेल्या छोट्या एटीआर विमानात या पट्ट्या कशा दिसल्या नाहीत. एकेका पंखावर एक आहे, पण ती विमान कलवण्यासाठी असते, आणि पंख खिडकीच्या वर असल्याने त्याची वरची बाजू आतून दिसतही नाही. उचल घालवायचं काम तिथे पंखेच करतात. टेकल्यावर त्यांची पाती सपाट फिरवली जातात, मग तो पंखा तबकडीसारखा वारा अडवतो. आणि एरवी त्याचा झोत मागच्या पंखावरून वाहून जी उचल देत असतो, तीही त्याच क्षणी थांबते.