स्टॅटिन सोसतं की नाही, हे ठरवताना

मला मधुमेह आहे आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८ होतं, म्हणून ते उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातलं अटोर्वास्टॅटिन २० सुरू झालं. महिनाभरात दोन्ही मांड्या भरून येऊ लागल्या. ठाणे स्टेशनचा पूल चढताना तर मध्येच थांबावं लागायचं.

नौपाड्यातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काकू, दोन्हीकडे सारखंच दुखतं का?" स्टॅटिनचं दुखणं बहुधा मांड्या, कंबर, खांदे अशा मोठ्या स्नायूंत आणि दोन्ही बाजूंना असतं, एकाच गुडघ्याची तक्रार असेल तर संशय दुसरीकडे जातो. स्नायू दुखावले की रक्तात वाढणारं सीके हे एन्झाइम, थायरॉईड आणि ड जीवनसत्त्व तपासायला सांगितलं. सीकेच्या आधी दोन दिवस येऊरची चढण बंद, कारण जोराच्या व्यायामानेही तो आकडा वाढतो. सीके आणि थायरॉईड ठीक निघालं, 'ड' मात्र कमी होतं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. सीके ठीक असलं तरी दुखणं खोटं ठरत नाही, हे त्यांनी आपणहून सांगितलं. सीके नॉर्मल मर्यादेच्या दहापटीच्या वर गेलं किंवा लघवी गडद तपकिरी झाली, तर मात्र गोळी त्याच क्षणी बंद.

गोळी थांबवल्यावर दोनेक आठवड्यांत पाय मोकळे झाले. मला वाटलं, झालं सिद्ध! डॉक्टर मानेनात. किमान दोन वेगळी स्टॅटिन घेऊन पाहायची, त्यातलं एक रोजच्या सर्वांत कमी डोसमध्ये, आणि तरीही त्रास झाला तरच 'सोसत नाही' म्हणायचं. लंडनमधला सॅमसन नावाचा अभ्यासही त्यांनी सांगितला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्यांना आलटूनपालटून खरी आणि बिनऔषधाची गोळी दिली, तर जवळपास ९० टक्के त्रास बिनऔषधाच्या गोळीनेही झाला. मला थोडा रागच आला. पण त्या लोकांचं दुखणं खरंच होतं, फक्त कारण दुसरं होतं.

मग रोसुवास्टॅटिन ५, रोज. तिसऱ्या आठवड्यात मांड्या पुन्हा बोलू लागल्या. आता माझ्या फाइलवर 'अंशतः असहिष्णुता' लिहिलं गेलं: जो डोस लागतो तो सोसत नाही, पण स्टॅटिन पूर्ण बादही नाही.

पुन्हा खंड, आणि मग तेच रोसुवास्टॅटिन ५, फक्त सोमवारी आणि गुरुवारी. हे औषध रक्तातून सावकाश उतरतं, निम्मं व्हायलाच साधारण १९ तास लागतात, म्हणून असं अंतर चालतं. पाय गप्प राहिले. एलडीएल १३१ वर आलं, स्टॅटिन नसलेली कोलेस्टेरॉलची गोळी, रोजची इझेटिमाइब १०, जोडल्यावर १०४. आठवड्यातून दोनदा घेऊन हार्ट अटॅक किती टळतात, याचा मोठा पुरावा नाही. इथे भरवसा एलडीएल उतरण्यावरच.

माझं लक्ष्य ७० च्या खाली आहे. आता रोसुवा एक दिवसाआड करून पाहतोय. तेही जमलं नाही तर बेम्पेडोइक ॲसिड, हेही कोलेस्टेरॉल उतरवणारं पण स्टॅटिन नसलेलं औषध. ते यकृतातच सक्रिय होतं, स्नायूंत नाही. फक्त यूरिक ॲसिड वाढवतं, म्हणून ती तपासणी आधीच करून ठेवली आहे.