‘नेट’ या शब्दाची किंमत

५ मार्च २०२४, मंगळवार. दांडिया बाजारातल्या आमच्या ऑफिसात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका पंप कारखान्याचे अकाउंटवाले काका फाइल घेऊन आले. "ताई, जर्मनीला चाळीस हजार युरो पाठवायचेत. त्यासाठी लागणारं सीएचं प्रमाणपत्र, १५सीबी, आजच द्या, चालशे ना?" बडोद्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाचं मराठी असंच, घाई असली की शेपूट गुजराती.

बिल एका जर्मन कंपनीचं, सीलच्या डिझाइनची तपासणी आणि चाचणी अहवाल यांचं. मालकांचा फोनवर नेहमीचा प्रश्न आला, काम तिकडे झालं तर कर इकडे कसा? तांत्रिक सेवेची फी भारतातला माणूस देतोय आणि ती इथल्या धंद्यासाठी आहे, एवढं पुरतं. काम कुठे बसून केलं याने फरक पडत नाही. दुहेरी कर टाळण्यासाठी भारताचा जर्मनीशी जो करार आहे, त्यात अशा फीवर १० टक्के कमाल दर आहे, त्यावर सरचार्ज-सेस लागत नाही.

काकांच्या डोक्यात हे १० टक्के पक्के होते, पण ते जुन्या सवयीचे होते. मार्च २०२३ पर्यंत आपल्याच कायद्यात दर १० टक्के होता, सेस धरून १०.४. कराराचे कागद नसले तरी नुकसान किरकोळ, म्हणून कुणी ते नीट बघतच नसे. १ एप्रिल २०२३ पासून कायद्यातला दर २० टक्के झाला, सेससह २०.८. तेव्हापासून तेच कागद अर्ध्या कराचे झाले.

फाइलमध्ये फिनान्झ-आम्टचा, म्हणजे जर्मन कर कार्यालयाचा, रहिवासाचा दाखला होता. तो २०२२ चा निघाला. कराराचा लाभ घेणाऱ्या परदेशी कंपनीने भरायचा फॉर्म १०एफ होता, पण हाताने भरलेला, स्कॅन केलेला. तो आता आयकर पोर्टलवर भरावा लागतो, आणि पॅन नसलेल्या परदेशी कंपनीलाही तिथे नोंदणी करता येते.

मग मी त्या जर्मन कंपनीबरोबरचा कामाचा करार उघडला. फीच्या कलमात शेवटी चार शब्द होते: सर्व कर वगळून नेट. काका म्हणाले, "म्हणजे दहा टक्के कापून छत्तीस हजार पाठवायचे ना?" नाही काका, पूर्ण चाळीस पाठवायचे आणि कर आपल्या खिशातून, तोही वर चढवून. युरो नव्वद रुपये धरला तर फी ३६ लाख. दहा टक्क्यांनी कर वगळून ३६ उरायचे तर मूळ रक्कम ४० लाख, कर ४ लाख. कराराचा लाभ नसेल तर ३६ भागिले ०.७९२, म्हणजे साधारण ४५ लाख ४५ हजार, आणि कर ९ लाख ४५ हजार. एका शिळ्या दाखल्याची किंमत साडेपाच लाखांच्या घरात. काकांनी चष्मा काढून ठेवला.

"मग पैसे पुढच्या महिन्यात पाठवू."

तेही जमत नव्हतं. बिल २० फेब्रुवारीला वहीत जमा झालं होतं. कर कापायची वेळ जमा किंवा भरणा यातली जी आधी ती, म्हणून चलन ७ मार्चपर्यंत हवं. न कापल्यास महिन्याला एक टक्का व्याज, शिवाय खर्च मान्य होण्यावरच गदा.

जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. दुपारी साडेबाराला त्यांचं ऑफिस उघडल्यावर फोन लावला. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, २०२४ चा दाखला जानेवारीतच दुसऱ्या एका भारतीय ग्राहकासाठी काढलाय, तुम्ही मागितलाच नाहीत. काका खरेदी विभागाच्या नावाने जे काही पुटपुटले ते इथे लिहीत नाही.

१०एफ ने मात्र दमवलं. नोंदणीचा ओटीपी त्यांच्या सगळ्या ऑफिसच्या सामाईक मेलवर जाई आणि बाईंपर्यंत पोचेपर्यंत मुदत संपे. शेवटी बुधवारी बाईंचाच मेल आणि मोबाइल देऊन नोंदणी झाली. भारतात त्यांचं कायमचं कार्यालय नाही असं पत्रही घेतलं, कारण ते असतं तर सगळा हिशोबच वेगळा. गुरुवारी संध्याकाळी ४ लाखांचं चलन भरलं. शुक्रवारी महाशिवरात्र, सूरसागरला गर्दी, शनिवारी दुसरा शनिवार. १५सीबी देऊन पैसे गेले ते सोमवारी.

एक काम उरलं होतं. कर कायद्यातल्या दराने कापला असता तर त्या कंपनीला इथे रिटर्न भरावं लागलं नसतं. कराराचा कमी दर घेतला की ही सूट जाते, पॅनसुद्धा काढावा लागतो. तसं मेलने कळवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: आम्हाला चाळीस हजार पूर्ण मिळाले, कर तुम्ही भरलात, मग रिटर्न आमचं कशाला?