छेदातले दिवस

बुटांच्या खोक्यावरची किंमत हा भागाकारातला फक्त अंश. छेद आपण पुढे घालतो, रोज थोडा थोडा. आमचे भावोजी हे गणित जाहीरपणे मांडणाऱ्यांपैकी. "सातशेचा बूट महाग की साडेचार हजारांचा?" असं विचारून ते समोरच्याला आधी सातशेच्या बाजूला जाऊ देतात आणि मग खिशातून पेन काढतात.

पण खरं सांगायचं तर ते गणित त्यांना वाटतं तितकं त्यांच्या बाजूचं नाही. डोंबिवलीहून सीएसएमटीला जाणारा माणूस धरा. ऑफिसचे दिवस वर्षाला साधारण २५०. रेक्झिनचा, तळवा नुसता चिकटवलेला सातशेचा बूट त्याने वर्षभर ओढला, तर दिवसाला २ रुपये ८० पैसे पडले. आता चामड्याचा, शिवलेल्या तळव्याचा साडेचार हजारांचा जोड. मधे एकदा तळवा बदलायला नऊशे, दोनदा टाचेचं रबर बदलायला तीनशे, म्हणजे सगळे मिळून ५,७००. याला २ रुपये ८० पैशांवर आणायचं तर दोन हजारांवर दिवस घालायला हवा. आठ वर्षांहून जास्त! गर्दीच्या लोकलमध्ये इतरांचे पाय सोसत आठ वर्षं काढणारा बूट मी तरी पाहिलेला नाही.

म्हणजे स्वस्तच स्वस्त? इथे छेदात कुठले दिवस मोजले ते बघायला हवं. रेक्झिन म्हणजे कापडावर प्लास्टिकचा थर. बोटांजवळ बूट रोज जिथे दुमडतो, तिथे तो थर तडकतो आणि मग पापुद्रे सुटतात. त्यावर पॉलिश चढत नाही, टाका घातला तर थर आणखी फाटतो. त्याच सुमाराला टाचेची बाहेरची कड झिजून पाऊल कलायला लागतं, आतला फोम बसतो. हे सगळं चौथ्या-पाचव्या महिन्यात. पुढचे सात-आठ महिने तो बूट आपण वापरत नाही, सोसतो. फक्त बऱ्या अवस्थेतले ८० दिवस धरले, तर दिवसाला पावणेनऊ रुपये झाले. चामड्याचा जोड पाच वर्षं नीट चालला, तर साडेचार रुपयांच्या आसपास. त्यातूनही सुरुवातीचे, बूट चावतो ते दिवस वजा करावेत. न्याय सगळ्यांना सारखा.

ही पाच वर्षं मात्र आपोआप मिळत नाहीत. तळवा बदलता येतो का, हे घेतानाच बघायचं. बुटाच्या कडेने दिसणारा दोरा खरा असेलच असं नाही. पुष्कळदा रबराच्या साच्यातच टाक्यांची नक्षी उठवलेली असते. नखाने खरवडून बघा, दोरा वेगळा जाणवला पाहिजे. त्याहून सोपं म्हणजे स्टेशनबाहेरच्या दुरुस्तीवाल्या काकांना दाखवायचं. आमच्या इथले काका बूट हातात घेऊन वाकवतात आणि "याला पुढे काही करता येणार नाही" किंवा "टाच झिजली की लगेच आणा" एवढंच म्हणतात. लगेच का, तर टाचेचं रबर संपून आतला थर घासला गेला की शे-दीडशेचं काम कितीतरी वर जातं. शिवाय चामड्याला घाम सुकायला एक दिवस विश्रांती लागते, आणि त्यासाठी दुसरा जोड लागतो. भावोजींच्या पेनातून हा दुसरा जोड कधीच उतरत नाही.

पावसाळ्याचे चार महिने तर हा सगळा हिशेब उलटतो. तुंबलेल्या पाण्यात चामडं घालणं म्हणजे पैसे भिजवणं. तिथे अडीचशेची प्लास्टिकची सँडल निर्विवाद जिंकते आणि कपाटातल्या बुटांत वर्तमानपत्र कोंबून बुरशीवर लक्ष ठेवावं लागतं.

आणि काही बूट न वापरताच संपतात. भावोजींनी खास लग्नकार्यांसाठी घेतलेला भारी जोड वर्षानुवर्षं खोक्यात होता. दिसायला कोरा. पुतण्याच्या लग्नात, जेवणाच्या रांगेत, त्याचा तळवा खारीसारखा भुगा होऊन मागे सांडत गेला. तळवा पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा होता. या फोमला हवेतला दमटपणा आतून तोडत जातो, बूट पायात असो की खोक्यात. मुंबईकडच्या हवेत दमटपणाला काय तोटा! रबराच्या तळव्याचं असं होत नाही. छेद जेमतेम चार-पाच लग्नांचा असेल. किंमत त्यांनी अजून सांगितलेली नाही, त्यामुळे भागाकार अडला आहे.

तेव्हापासून ते लग्नाला ऑफिसचाच जोड पॉलिश मारून घालतात. ताईला हे पटलेलं नाही.