लिलाव बंदची सूचना आणि गळालेले सदस्य

कांद्याचे बाजारभाव कळवणाऱ्या एका अ‍ॅपच्या देखभालीचे काम आमच्याकडे आले होते. शेतकरी आपली बाजार समिती निवडतो, अ‍ॅप त्याचा फोन त्या समितीच्या फायरबेस टॉपिकला जोडते आणि भाव किंवा सूचना त्या टॉपिकवर एकदाच पाठवली की जोडलेल्या सर्व फोनांवर जाते, अशी त्याची रचना होती. एका दुपारी दुसऱ्या दिवशीचा लिलाव बंद राहणार असल्याचे ठरले. सूचना लगेच पाठवली गेली आणि फायरबेसकडून संदेश क्रमांकही परत आला. तरीही तासाभरात निफाड तालुक्यातून फोन येऊ लागले. "साहेब, शेजाऱ्याला मेसेज आला, मला नाही. मी तर ट्रॅक्टर भरायला घेतला होता," असे एका शेतकऱ्याने सांगितले.

संदेश क्रमांक मिळाला म्हणजे फायरबेसने संदेश स्वीकारला, एवढाच त्याचा अर्थ असतो. टॉपिकला किती फोन जोडलेले आहेत, हे त्या उत्तरात येत नाही. टॉपिकचे नाव चुकले आणि त्या नावाला एकही फोन जोडलेला नसला, तरी उत्तर यशाचेच येते. म्हणून पाठवण्याच्या बाजूची नोंद पाहत बसण्यात अर्थ नव्हता. न मिळालेल्या एका विशिष्ट फोनकडूनच शोध सुरू करणे भाग होते. त्या शेतकऱ्याचे टोकन आमच्या डेटाबेसमध्ये होते. एखादे टोकन कोणकोणत्या टॉपिकांना जोडलेले आहे, हे सर्व्हरच्या अधिकारपत्रासह असे विचारता येते:

```
GET https://iid.googleapis.com/iid/info/<token>?details=true
```

त्याच्या शेजाऱ्याच्या टोकनासाठी `bajar_lasalgaon` हे टॉपिक आणि जोडल्याची तारीख आली. त्याच्या स्वतःच्या टोकनाच्या उत्तरात मात्र टॉपिकांचा भागच नव्हता. तक्रार केलेल्या इतरांची टोकनेही तपासली, तेव्हा त्यांचीही तीच स्थिती दिसली. त्या सर्वांना फोन करून विचारल्यावर एक समान धागा सापडला: प्रत्येकाने अलीकडे नवा फोन घेतला होता किंवा अ‍ॅप काढून पुन्हा टाकले होते.

कारण कोडमध्ये मिळाले. समिती निवडल्यावर अ‍ॅप `subscribeToTopic` बोलावत असे आणि ते झाले की "जोडणी झाली" अशी खूण SharedPreferences मध्ये लिहीत असे. पुढच्या वेळी ती खूण दिसली, तर पुन्हा जोडत नसे. अँड्रॉइडचा स्वयंचलित बॅकअप ही खूण नव्या फोनवर जशीच्या तशी परत आणतो, पण अ‍ॅपच्या त्या नव्या प्रतीला फायरबेसचे टोकन नवे मिळते आणि टॉपिकची जुनी जोडणी त्याच्याबरोबर येत नाही. त्यामुळे पडद्यावर निवडलेली समिती बरोबर दिसत होती, अ‍ॅप उघडल्यावर भावही दिसत होते आणि सूचना तेवढ्या येत नव्हत्या. असा दोष महिनोन्महिने लपून राहतो, कारण न आलेल्या सूचनेची तक्रार सहसा कोणी करत नाही.

संध्याकाळपर्यंत अ‍ॅपची नवी आवृत्ती सर्वांच्या हाती पोहोचणे शक्य नव्हते. सुदैवाने प्रत्येक टोकनासमोर निवडलेल्या समितीची नोंद सर्व्हरवर होती. अ‍ॅडमिन एसडीकेमधून एका विनंतीत जास्तीत जास्त 1000 टोकने टॉपिकला जोडता येतात. त्याप्रमाणे तुकड्या करून सगळी टोकने पुन्हा जोडली. आधीच जोडलेले टोकन पुन्हा जोडल्याने काही बिघडत नाही, त्यामुळे वेगळे निवडत बसावे लागले नाही. ज्या टोकनांचे अ‍ॅप आता फोनवरच नाही, ती प्रत्येक तुकडीच्या उत्तरात त्रुटी म्हणून वेगळी दिसली आणि आम्ही ती डेटाबेसमधून काढून टाकली. त्या शेतकऱ्याच्या टोकनासमोर टॉपिक आल्याची खात्री करून मगच सूचना पुन्हा पाठवली. पहिल्या सूचनेला `tag` दिलेला होता आणि दुसरीलाही तोच ठेवला, म्हणून आधी मिळालेल्यांच्या फोनवर दोन सूचना साचल्या नाहीत. नवीने जुनीची जागा घेतली. `ttl` मात्र लिलावाच्या नेहमीच्या वेळेपर्यंतच ठेवला. तो न दिल्यास संदेश चार आठवड्यांपर्यंत वाट पाहतो, आणि दोन दिवसांनी फोन चालू करणाऱ्याला "उद्या लिलाव बंद" असे वाचायला मिळाले असते.

पुढच्या आवृत्तीत ती खूण काढून टाकली. आता अ‍ॅप सुरू होताना आणि `onNewToken` आल्यावर, निवडलेल्या समितीसाठी ही ओळ प्रत्येक वेळी चालते:

```kotlin
FirebaseMessaging.getInstance().subscribeToTopic(topic)
```

याच सुमारास समितीकडून विचारणा झाली की प्रत्येक शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीची रक्कमही त्याच्या नावाचे टॉपिक करून पाठवता येईल का. ते मी स्पष्टपणे नाकारले. अ‍ॅपमधून टॉपिकला जोडून घेताना फायरबेस कोणाची परवानगी तपासत नाही. नाव ठाऊक असलेला कोणताही फोन त्याला जोडला जाऊ शकतो. भाव आणि लिलावाची सूचना सर्वांसाठीच असल्याने तेथे टॉपिक योग्य आहे. पट्टीची सूचना मात्र आम्ही ज्याच्या त्याच्या टोकनावरच पाठवतो, आणि तिच्यातही रक्कम न लिहिता ती अ‍ॅप उघडून लॉगिन केल्यावरच दाखवतो.