करकरणारी फळी

१२ एप्रिल, रविवार

काल रात्री दीड वाजता पुन्हा तेच. चिन्मय सेकंड शिफ्टहून आला, जिना चढला, माडीवरच्या खोलीत शिरला आणि कर्रर्र! खाली सासूबाई उठून बसल्या. मग त्यांना पाणी हवं झालं, मग चिन्मय जेवला का, मग उद्या वार कोणता. मला डोळा लागला तो तीनला.

सदाशिव पेठेतल्या या घराची माडी कडीपाटाची. भिंतीपासून भिंतीपर्यंत सागवानी कड्या, त्यांवर फळ्या. पूर्वी त्यावर माती घालून शेणानं सारवलेली जमीन होती. सासऱ्यांनी छपराची डागडुजी केली तेव्हा भार कमी करायचा म्हणून ती माती काढली आणि फळ्या घासूनपुसून, खिळे मारून तशाच वापरात आणल्या. मातीच्या ओझ्याखाली फळ्या जागच्या हलत नव्हत्या, आता त्यांना नुसत्या खिळ्यांचा धरबंद. सासूबाई म्हणतात, "माती होती तेव्हा ही खोली कधी बोलली नाही." बरोबरच आहे त्यांचं.

सकाळी उठल्याउठल्या मी पहिला उपाय केला तो सगळेच करतात तो. दाराजवळची फळी करकरते असं वाटत होतं, तिचे वर आलेले चार खिळे हातोडीनं ठोकले. करकर बंद. ह्यांनी, "एवढंच होतं ना?" असं म्हणून घेतलं.

१४ एप्रिल

परत सुरू. तीही दुपारी, ऊन तापल्यावर जास्त.

विचार केल्यावर कळलं ते असं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. फुगताना फळी खिळ्याचं डोकं थोडंसं वर ओढते. आकसली की फळी आणि कडी यांच्यामध्ये कागदाएवढी फट उरते. वर पाय पडला की फळी खाली जाते, उचलला की वर येते आणि दर खेपेला खिळ्याच्या अंगाला घासते. तिथून आवाज. मी खिळा ठोकला तो त्याच जुन्या, सैल झालेल्या भोकात गेला. त्याला धरायला तिथं काही उरलेलंच नाही, मग दोन दिवसांत वर यायला काय वेळ लागतो?

आणि मुळात दाराजवळचीच फळी होती कशावरून? लाकडातून आवाज लांब जातो. इकडं फळी हलते आणि तिकडं कोपरा करकरल्यासारखा वाटतो.

१८ एप्रिल

आज सुट्टी, सगळे घरी. जुन्या घराचा एक मोठा फायदा: खालच्या खोलीत छत म्हणजे वरच्या जमिनीचं पोटच. कड्या, फळ्या सगळं उघडं. फ्लॅटमध्ये ही सोय नाही.

वर ह्यांना चालायला लावलं. घरात सर्वांत जास्त वजन त्यांचं, एरवी ही गोष्ट बोलून दाखवण्याची सोय नसते. टाच आधी, मग चवडा, मग एका पायावरून दुसऱ्या पायावर भार, असं हळूहळू. भराभर चाललं की कुठल्या पावलाला आवाज झाला ते कळतच नाही. मी खाली स्टुलावर उभी, एका कडीवर तळहात टेकून. कानाला फसवता येतं, हाताला तितकं नाही. ज्या कडीशी फळी हलते तिथं बारीकसा थरथराट लागतो. खिडकीकडून मोजत गेले. पाचवीपर्यंत काही नाही. सहावीला हात टेकला, वरून पाऊल पडलं आणि बोटांना स्पष्ट जाणवलं. दारापासून चांगलं चार फूट आत!

आता खालची ही जागा वर नेमकी कुठं येते? मी भिंतीपासून टेपनं मोजलं आणि फसले. खालची भिंत वरच्यापेक्षा जाड आहे, त्यामुळे वर मोजताना माप चार-पाच इंचांनी चुकतं. शेवटी खराट्याचा एक हीर घेतला आणि खालून दोन फळ्यांच्या फटीतून वर सरकवला. "आलं आलं!" म्हणून वरून आरोळी. हीर जिथून वर आला तिथं खडूची फुली. दुसरा हीर दोन कड्या सोडून, तिथं दुसरी फुली. एवढ्यावरून बाकीचं माप बरोबर बसलं. शिवाय वरून खिळ्यांच्या ओळी दिसतातच, ओळीखाली कडी.

मग पुरावा. लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेचा जाड कागद पट्टीसारखा कापला आणि फळी आणि सहावी कडी यांच्यामध्ये सरकवला. लोण्यात सुरी जावी तसा गेला. ह्यांना वर फळीवर उभं केलं तर कागद पकडला गेला, ओढून निघेना. ते बाजूला झाले की सुटला. म्हणजे फळी हलते ती इथं. बाकीच्या कड्यांवरही तोच कागद फिरवला. तिसऱ्या कडीशीही फट सापडली, कागद निम्मा आत गेला, पण वर कुणी उभं राहिलं तरी त्याला काही फरक पडेना. तिथं फळीला मुळातच बाक आहे, ती हलत नाही म्हणून बोलतही नाही. तिला सोडून दिलं.

कड्यांची टोकं भिंतीत शिरतात तिथं पेचकसाच्या टोकानं टोचून पाहिलं. मागच्या वर्षी पावसाचं पाणी त्या कोपऱ्यात झिरपलं होतं, म्हणून धाकधूक होती. लाकूड टणक निघालं. पेचकस मऊपणे आत शिरला असता किंवा भुसा पडला असता तर पुढचं काहीही मी केलं नसतं, ते काम जाणकारानंच बघायचं.

१९ एप्रिल

बोहरी आळीत जाऊन दोन इंची स्क्रू आणले, जाडीला आठ नंबर. फळी इंचभर जाड, कडी चार इंच उंच, म्हणजे स्क्रू इंचभर कडीत शिरेल आणि खालून बाहेर येणार नाही. तरी वर ड्रिल लावण्याआधी सहाव्या कडीवरून विजेची वायर गेलेली नाही ना, हे खालून बघून घेतलं. पाचवीवरून गेली आहे.

जुन्या खिळ्यापासून दीड इंच सोडून भोक पाडलं. तीन मिलिमीटरचं, फळीतून थेट कडीपर्यंत. स्क्रू पिळला. अर्ध्यावर गेला आणि कट्! डोकंच तुटलं. जुना सागवान स्क्रूला असा धरतो की बस. दुसऱ्या स्क्रूला मेणबत्ती घासली, तो सुरळीत गेला, पार बसला. मी विजयी मुद्रेनं खाली गेले, कागद सरकवून पाहिला. तस्साच आत! फळी तिळभरही खाली आली नव्हती.

पाच मिनिटं डोकं खाजवलं तेव्हा उमजलं. स्क्रूचे आटे फळीतही रुतले होते आणि कडीतही. दोघींना त्यानं आहे त्या अंतरावर घट्ट धरून ठेवलं, मधल्या फटीसकट. फळी खाली ओढली जायला हवी तर फळीतलं भोक स्क्रूच्या जाडीपेक्षा मोठं हवं. आटे फक्त कडीत रुतावेत आणि स्क्रूच्या डोक्यानं फळीला वरून दाबावं.

स्क्रू उलटा फिरवून काढला. फळीतलं भोक तेवढंच पाच मिलिमीटरचं केलं. ड्रिलच्या पात्याला इंचावर चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे कडीतलं भोक चुकून मोठं व्हायला नको. डोकं बुडावं म्हणून वर थोडी खोलगट जागा कोरली. हे फळीवर उभे राहिले, मी मेण लावून स्क्रू पिळला आणि आता फळी खाली जाताना डोळ्यांना दिसली, शेजारच्या फळीपेक्षा जेमतेम दोरीभर. त्याच कडीवर फळीच्या दुसऱ्या कडेला आणखी एक स्क्रू. खाली कागद लावला तर टोकही शिरेना.

खालून पाचर मारता आली असती, असं शेजारचे एक काका सांगून गेले. आली असती. फेविकॉल लावलेली बारीक पाचर त्या फटीत हातानं दाबून बसवायची, हातोडी न लावता, नाही तर फळी उचलली जाते आणि शेजारची करकरू लागते. वरून दिसणारी जमीन चांगली असेल आणि तिच्यात भोकं नको असतील तेव्हा तेच करावं. पण पाचर आणि स्क्रू दोन्ही एकाच जागी नको. पाचर फळीला वर धरणार आणि स्क्रू खाली ओढणार. आमच्या जमिनीवर चाळीस वर्षांचे खिळे आहेतच, दोन भोकांनी तिचं काय बिघडणार!

संध्याकाळी ह्यांनी सगळी खोली पालथी घातली. मोठी करकर गेली. उरली एक बारीक किचकिच, दोन फळ्यांच्या कडा एकमेकींना घासतात तिथली. तिथं फटीत टाल्कम पावडर घालून ब्रशनं आत ढकलली. पावडर टाकून आवाज थांबला तर समजायचं की कडाच घासत होत्या. थांबला नाही तर पुन्हा कागद आणि कडी. थांबला. मात्र निम्मी पावडर खाली सासूबाईंच्या मच्छरदाणीवर पडली आणि त्याबद्दल जे ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही.

२८ जून

पाऊस लागून आठवडा झाला. चिन्मय रात्री येतो, काही ऐकू येत नाही. पावडर मात्र आता नको, फटी मिटत आल्या आहेत. उन्हाळ्यात पुन्हा बघावं लागेल.

आज सासूबाईंनी छताकडे बोट दाखवून विचारलं, "अगं, ते काय लोंबतंय?" एप्रिलमधला एक हीर तसाच राहिला होता. स्टुलावर चढून ओढला तर निघेना. तेव्हा फटीतून सुळकन वर गेलेला हीर आता दोन फळ्यांनी असा पकडलाय की ओढताना माझ्या हातात मोडून आला. उरलेला तुकडा आत आहे.