इंट्राडेचा तोटा दुकानाच्या नफ्यातून का वजा होत नाही

"भाऊ, इंट्राडेत माहे अडीच लाख बुडाले, तेही धंद्यातलेच पैसे व्हते. मंग दुकानाच्या नफ्यातून ते काऊन वजा व्हत नाई?"

इंट्राडे म्हणजे शेअर्स घेऊन त्याच दिवशी विकणे. तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो, आणि सोयाबीनच्या काट्यापासून सांगतो, कारण यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी विवरणपत्रे भरण्याचे काम करताना मला स्वतःला ही गोष्ट यार्डात उभे राहूनच नीट कळली. यार्डात एका व्यापाऱ्याने सकाळी पन्नास क्विंटल सोयाबीन घेतले, मापाऱ्याने काटा केला, हमालांनी पोती त्याच्या गोदामात नेली आणि आठ दिवसांनी त्याने तो माल तोट्यात विकला, तर तो त्याच्या धंद्यातला तोटा झाला. त्याच व्यापाऱ्याने सकाळी केवळ तोंडी सौदा केला, संध्याकाळी तोच सौदा दुसऱ्याच्या गळ्यात मारला, काटा झालाच नाही, पोते जागचे हलले नाही आणि शेवटी फक्त भावातला फरक एकाने दुसऱ्याला दिला, तर आयकर कायदा त्याला सट्टा व्यवहार म्हणतो. १९६१ च्या कायद्यातले कलम ४३(५) नेमके हेच विचारते, की माल प्रत्यक्ष हाती आला का, किंवा दिला गेला का. आणि 'माल' या शब्दात ते शेअर्सनाही धरते. आता नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण सट्ट्याची वेगळी पेटी त्यातही तशीच ठेवलेली आहे.

इंट्राडेत काटा होत नाही. सकाळी घेतलेले दोनशे शेअर्स दुपारी विकले की दिवसअखेर तुमच्या नावावर येणे-देणे शून्य उरते, डिमॅट खात्यात एकही शेअर येत नाही आणि खात्यात केवळ फरक जमा होतो किंवा निघतो. त्यामुळे तुम्ही कितीही अभ्यास करून, रोज सव्वानऊला दुकानाचे शटर उघडावे तितक्या नेमाने मोबाइल उघडून बसत असलात, तरी कायद्याच्या दृष्टीने तो सट्टाच ठरतो. त्याला धंदाच मानतात, पण निराळा धंदा मानतात. या निराळेपणामागचे कारण जुने आहे: ज्या सौद्यात माल हलत नाही, त्यात कागदावर तोटा तयार करणे फार सोपे असते आणि असा तोटा दाखवून खऱ्या धंद्याचा नफा झाकता येतो. म्हणून सट्ट्याचा तोटा सट्ट्याच्या नफ्यातूनच वजा करावा, असे बंधन घातले गेले.

हे बंधन एकाच बाजूने आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. विहिरीवरच्या पंपाच्या फूट वॉल्व्हसारखे ते काम करते; पाणी वर चढते, परत खाली उतरत नाही. दुकानात तोटा आणि इंट्राडेत नफा झाला, तर दुकानाचा तोटा इंट्राडेच्या नफ्यातून वजा करता येतो. उलट इंट्राडेचा तोटा दुकानाच्या नफ्याला लावता येत नाही. तो भाड्याला, बँकेच्या व्याजाला किंवा वर्षभर ठेवून विकलेल्या शेअर्सच्या नफ्यालाही लावता येत नाही. शेतीच्या उत्पन्नातून तो वजा करण्याचा प्रश्नच येत नाही, कारण त्या उत्पन्नावर मुळात कर नसतो. तरीही दरवर्षी कोणीतरी कापूस विकल्याच्या पट्ट्या घेऊन येतोच.

आता ज्यांच्या निमित्ताने हा प्रश्न पुन्हा आला, त्यांचा हिशेब सांगतो. नाव सांगत नाही. त्यांचे कृषी केंद्र आहे, बियाणे, खते आणि औषधे विकतात. सातबारा वडिलांच्या नावावर असल्यामुळे शेतीचा भाग यात नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षात दुकानाचा निव्वळ नफा ८,४०,००० रुपये होता. इंट्राडेत काही सौद्यांत मिळून १,३५,००० रुपये आले आणि बाकीच्या सौद्यांत ३,६०,००० रुपये गेले, म्हणजे २,२५,००० रुपये तोटा. त्यावर दलाली, रोखे व्यवहार कर आणि इतर आकार मिळून ३५,००० रुपये लागले. हे आकार या धंद्याचा खर्च म्हणून धरता येतात, त्यामुळे एकूण तोटा २,६०,००० रुपयांचा झाला. शिवाय त्यांनी निफ्टीचे ऑप्शन्स घेऊन ७०,००० रुपये वेगळे घालवले होते.

त्यांनी वहीच्या मागच्या पानावर आधीच वजाबाकी करून आणली होती: आठ चाळीस वजा सत्तर, वजा दोन साठ, उरले पाच लाख दहा हजार. नव्या करप्रणालीत त्या वर्षी सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नव्हता, म्हणून ते निश्चिंत होते. मी त्यातली दुसरी वजाबाकी खोडली. सत्तर हजार वजा झाले, दोन साठ झाले नाहीत; करपात्र उत्पन्न ७,७०,००० रुपये ठरले. तीन लाखांपर्यंत काही नाही, पुढच्या तीन लाखांवर पाच टक्के म्हणजे १५,०००, त्यापुढच्या १,७०,००० वर दहा टक्के म्हणजे १७,०००, मिळून ३२,००० आणि त्यावर चार टक्के उपकर धरून ३३,२८० रुपये. तोटा झाला त्याच वर्षी वरून कर भरायचा, हे त्यांना पटेना, आणि माणूस म्हणून मलाही ते पटत नाही. परंतु हिशेब तोच आहे.

त्यांचा पुढचा प्रश्न रास्त होता. ऑप्शन्समध्ये तरी कुठे काटा होतो, मग ते सत्तर हजार कसे वजा झाले? होत नाहीच. पण २००५ च्या वित्त कायद्याने मान्यताप्राप्त शेअर बाजारात स्क्रीनवरून होणारे फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे सट्ट्याच्या व्याख्येतून बाहेर काढले. त्यामुळे तो तोटा साध्या धंद्याचा तोटा ठरतो, पगार सोडून इतर बहुतेक उत्पन्नातून त्याच वर्षी वजा होतो आणि उरला तर आठ वर्षे पुढे नेता येतो, मात्र पुढच्या वर्षांत तो केवळ धंद्याच्या नफ्यालाच लागतो. एकाच मोबाइलवर, एकाच खात्यातून, एकाच सकाळी केलेल्या दोन सौद्यांचे तोटे असे दोन वाटांनी जातात. यात काही फार मोठे तत्त्व आहे असे मला वाटत नाही; कायद्याने अपवाद केला म्हणून तो आहे.

एक चूक मी स्वतः केलेली आहे, ती सांगितली पाहिजे. ब्रोकरच्या ॲपमध्ये सौदा करताना MIS आणि CNC असे पर्याय येतात. पहिला त्या दिवसापुरता, दुसरा डिलिव्हरीचा, अशी समजूत असते. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाचे CNC मधले सगळे सौदे मी डिलिव्हरीचे धरून त्यांचा तोटा अल्पकालीन भांडवली तोट्यात टाकला. नंतर ब्रोकरने दिलेली सौद्यांची नोंद, म्हणजे काँट्रॅक्ट नोट, तारखेनुसार जुळवताना लक्षात आले, की त्यातले अनेक शेअर्स सकाळी घेऊन त्याच दुपारी विकलेले होते. बटण कोणते दाबले याला महत्त्व नाही. त्याच दिवशी त्याच शेअरची खरेदी-विक्री जुळून गेली की तो इंट्राडे होतो. याचीच दुसरी बाजू अशी, की डिमॅटमध्ये जुने शंभर शेअर्स पडलेले असताना सकाळी शंभर विकून दुपारी शंभर परत घेतले, तर जुने शेअर्स जागेवरच राहतात आणि तो व्यवहारही इंट्राडेतच मोजला जातो. त्या ग्राहकाचे मूळ विवरणपत्र मुदतीत भरलेले होते, म्हणून सुधारित विवरणपत्र देऊन मला ते निस्तरता आले. तेव्हापासून मी ब्रोकरच्या टॅक्स रिपोर्टातला इंट्राडेचा आकडा आधी पाहतो आणि शंका आली तर काँट्रॅक्ट नोट मागवतो.

कृषी केंद्रवाल्यांचे दोन लाख साठ हजार वजा झाले नाहीत म्हणून बुडाले असेही नाही. सट्ट्याचा तोटा पुढची चार वर्षे नेता येतो, पण त्याला दोन अटी आहेत. पहिली, तो पुढेही सट्ट्याच्या नफ्यालाच लागतो. दुसरी, विवरणपत्र मुदतीच्या आत भरलेले पाहिजे, आणि तेही ITR-3 या फॉर्ममध्ये; दुकानदारांना सोपा वाटणारा ITR-4 इथे चालत नाही. त्या वर्षाची मुदत ३१ जुलै २०२४ होती. आमच्याकडे जुलै म्हणजे डवरणी, खत आणि पाऊस दडला तर दुबार पेरणी. दुकानात श्वास घ्यायला वेळ नसतो आणि लोक कागद घेऊन पोळा झाल्यावर येतात. त्याच वर्षी एक शिक्षक असेच पोळ्यानंतर आले. डिसेंबरअखेरपर्यंत उशिराचे विवरणपत्र भरता येते आणि ते आम्ही भरलेही, परंतु त्यांचा १,१०,००० रुपयांचा इंट्राडे तोटा पुढे नेता आला नाही. नोटीस येत नाही, दंडाची वेगळी पावती फाटत नाही, म्हणून हे गेलेले कोणाला दिसत नाही. विवरणपत्रात पुढे न्यायच्या तोट्यांचा Schedule CFL हा तक्ता असतो, त्यात त्या वर्षाच्या ओळीत आकडा नाही, इतकीच काय ती खूण.

कृषी केंद्रवाले जुलैतच आले होते, त्यामुळे त्यांच्या Schedule CFL मध्ये २,६०,००० हा आकडा उमटला. २०२४-२५ मध्ये त्यांना इंट्राडेत ६०,००० रुपये नफा झाला, तो या तोट्यातून पूर्ण वजा झाला आणि त्या नफ्यावर कर लागला नाही. दोन लाख उरले, जे २०२७-२८ पर्यंतच वापरता येतील. ते आता मला विचारतात, की हे दोन लाख वाया जाऊ नयेत म्हणून इंट्राडे चालू ठेवावे का. सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२२-२३ साली शेअर्समध्ये इंट्राडे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जण तोट्यात असल्याचे दिसले होते, तेवढे मी त्यांना सांगितले. मग वहीच्या त्याच मागच्या पानावर दुसरा हिशेब मांडून दाखवला. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर द्यावा लागत नाही. दुकानाचे आठ चाळीस आणि इंट्राडेत समजा पूर्ण दोन लाख नफा झाला, तरी बेरीज दहा लाख चाळीस हजार होते. म्हणजे तो जुना तोटा वजा केला काय आणि नाही केला काय, त्यांचा कर शून्यच राहतो.